टीव्हीला वाय-फाय कोणतं, आणि वायर कधी?

घरात इंटरनेटवर चालणाऱ्या बहुतेक वस्तू फिरत्या असतात. मोबाइल स्वयंपाकघरातून बाल्कनीत जातो, लॅपटॉप डायनिंग टेबलावरून पलंगावर येतो. टीव्ही मात्र ज्या दिवशी भिंतीवर ठोकला, त्या दिवसापासून तिथंच असतो. तो पुढची सात-आठ वर्षं तिथून हलणार नाही. तरीही बहुतेक घरांत त्याला मोबाइलसारखंच वागवलं जातं. पहिल्यांदा सुरू केल्यावर पडद्यावर वाय-फायची यादी येते, त्यातलं ओळखीचं एक नाव निवडून पासवर्ड टाकला जातो, आणि मग पुन्हा कुणी त्या जागी फिरकत नाही. रात्री साडेनऊला पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं की दोष इंटरनेटवाल्याला दिला जातो. कधी तो त्याचाच असतो. पण बऱ्याचदा खरी गडबड राउटर आणि टीव्ही यांच्यातल्या पंधरा-वीस फुटांतच असते.

आधी टीव्हीची भूक किती आहे ते पाहू, कारण ती लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच कमी आहे. फुल एचडी चित्रासाठी नेटफ्लिक्स ५ एमबीपीएस वेग पुरेसा मानतं आणि फोर-केसाठी १५. यूट्यूब फोर-केसाठी २० सांगतं. म्हणजे घरी १०० एमबीपीएसचा साधा प्लॅन असेल, तरी एका फोर-के टीव्हीला त्याचा पाचवा हिस्सा पुरतो. टीव्हीला मोठा वेग लागत नाही, न थांबणारा वेग लागतो. दोन मिनिटं १५० आणि मग दहा सेकंद शून्य, यापेक्षा सतत २५ मिळालेले त्याला केव्हाही चांगले. या लेखातला सगळा निवाडा या एका मुद्द्यावर आहे.

सिनेमा किंवा मालिका टीव्हीवर सलग धारेनं येत नाही. तिचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत तयार असतो. टीव्हीतलं अ‍ॅप पुढचे तुकडे आधीच आणून साठवून ठेवतं. साठा कमी व्हायला लागला की ते गुपचूप हलक्या दर्जाचे तुकडे मागवतं. म्हणून बिघाडाची पहिली खूण गोल चक्र ही नसते. आधी चित्र धूसर होतं, अक्षरांच्या कडा विरतात, गवत हिरव्या डागासारखं दिसायला लागतं. साठा पूर्ण संपला की मग चक्र येतं. थेट सामन्यात तर पुढचं आणून ठेवायला फारसं काही नसतंच, कारण पुढचा चेंडू अजून टाकलेलाच नसतो. त्यामुळे ज्या वाय-फायवर रात्रभर सिनेमे बिनतक्रार चालतात, तेच वाय-फाय शेवटच्या षटकात दगा देतं.

(शेजारच्या घरातून षटकाराचा जल्लोष आपल्या आधी ऐकू येतो, त्याचा मात्र वाय-फायशी फारसा संबंध नाही. इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण मुळातच डिश किंवा केबलच्या मागे असतं. त्यावर ना बँड बदलून उपाय आहे, ना वायर टाकून.)

आता ते दोन बँड. राउटर दोन वेगळ्या रेडिओ पट्ट्यांवर बोलतो. एक २.४ गिगाहर्ट्झची आणि दुसरी ५ गिगाहर्ट्झची. वाय-फायच्या यादीत एकाच नावापुढं `_5G` लावलेलं दुसरं नाव दिसतं, ते या दुसऱ्या पट्टीचं. मोबाइलच्या फाइव्ह-जीशी त्याचा काही संबंध नाही.

२.४ची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची, तर ५ची साधारण साडेपाच. लांब लहर विटांची भिंत त्यातल्या त्यात सहज पार करते आणि दूर पोचते. आखूड लहर प्रत्येक भिंतीत जास्त खर्ची पडते. इतकं बहुतेकांना माहीत असतं, आणि त्यावरून ‘लांब असेल तर २.४, जवळ असेल तर ५’ असा नियम सांगितला जातो. नियम चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. शहरातल्या इमारतीत आपल्या वाय-फायला भिंतीपेक्षा शेजारी जास्त नडतात.

२.४च्या पट्टीत आपल्याकडे तेरा चॅनेल आहेत, पण ती एकमेकांवर चढलेली आहेत. एकमेकांना धक्का न लावता चालतील अशी तीनच: १, ६ आणि ११. सोसायटीतल्या तुमच्या मजल्यावरचे, वरचे, खालचे आणि समोरच्या इमारतीतले असे वीस-पंचवीस राउटर या तीन जागा वाटून घेतात. वाय-फायचा मूळ नियम असा की एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. मग ते आपल्या घरातले असोत की परक्यांच्या. याच पट्टीत ब्लूटूथ चालतं, म्हणजे टीव्हीचा आवाजावर चालणारा रिमोट, बिनतारी हेडफोन आणि बऱ्याच साउंडबार. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, आणि त्याच्या दारातून जी किंचित गळती होते ती आरोग्याला घातक नसली तरी जवळच्या वाय-फायला पुरेशी नडते. रात्री जेवण गरम करताना मालिका अडखळत असेल, तर हा योगायोग नाही.

५ गिगाहर्ट्झच्या पट्टीत जागा पुष्कळ आहे. भारतात २०१८च्या ऑक्टोबरात या पट्टीचे मोठे भाग परवान्याविना वापरायला खुले झाले, तेव्हापासून राउटरला ३६ ते ४८, १४९ ते १६५ अशी कितीतरी चॅनेलं मिळतात. एकेक वाट रुंदही करता येते, त्यामुळे वेगही जास्त. शिवाय जो या पट्टीचा दोष म्हणून सांगतात, तोच इमारतीत तिचा गुण ठरतो. आपली लहर भिंतीपलीकडे फारशी जात नाही, तशी शेजाऱ्याचीही आपल्याकडे येत नाही.

पुण्यातल्या एका सोसायटीतलं ओळखीचं घर घेऊ. चौथ्या मजल्यावरचं टू बीएचके. फायबरची तार इमारतीच्या डक्टमधून मुख्य दाराशी आली, म्हणून राउटर दाराच्या वरच्या कोपऱ्यात. दिवाणखान्यातला टीव्ही समोरच्या भिंतीवर, राउटरपासून सोळा फुटांवर, मध्ये काही नाही. दुसरा टीव्ही आतल्या बेडरूममध्ये. राउटर आणि तो, यांच्यामध्ये पॅसेज आणि न्हाणीघर. प्लॅन १०० एमबीपीएसचा. दोन्ही टीव्ही रात्री अडखळत, आणि घरातल्या काकांचा प्रश्न होता, “अहो, शंभरचा आहे. दोनशेचा घेऊन टाकू का?”

आधी दिवाणखाना. टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये पाहिलं तर तो २.४वर जोडलेला होता. कारण साधं: यादीत ते नाव वर होतं. रात्री नऊला टीव्हीवरच वेग मोजला, तर आकडा ८ आणि २२ यांच्यामध्ये नाचत होता. अँड्रॉइड मोबाइलवर वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारचं एक मोफत अ‍ॅप टाकून टीव्हीपाशी उभं राहिल्यावर २.४च्या पट्टीत दोन डझनांहून जास्त नावं दिसली. घरातला सिग्नल उत्तम होता, फक्त बोलायला पाळी येत नव्हती. टीव्ही ५वर जोडला आणि आकडा ९३ला जाऊन तिथंच राहिला. काम संपलं. एक रुपयाही लागला नाही.

बेडरूमची गोष्ट वेगळी. सिग्नलची ताकद अशा अ‍ॅपमध्ये उणे आकड्यात दिसते, आणि तो शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. उणे ५० म्हणजे झकास, उणे ६५च्या आसपास टीव्हीला निर्धास्त, उणे ७५च्या खाली गेलं की भरवसा नाही. दर तीन अंकांना ताकद निम्मी होते, म्हणून उणे ५२ आणि उणे ७८ यांत दिसायला सव्वीसचा फरक असला, तरी प्रत्यक्षात तो चारशे पटींचा असतो. बेडरूमच्या टीव्हीपाशी ५चा आकडा उणे ७८ होता. न्हाणीघराच्या भिंतीत टाइल्स, पाण्याचे पाइप, आणि त्यावर मोठा आरसा. आरशामागचा धातूचा मुलामा रेडिओ लहरींना दरवाजा लावून घेतो. वेग कधी ३०, कधी ६, मध्येच जोडणी तुटायची. २.४ तिथं उणे ६४वर पोचत होतं, म्हणजे सिग्नल पुरेसा, पण पुन्हा तीच गर्दी आणि वेग ५ ते १२.

म्हणजे या खोलीत एका बँडला भिंत नडत होती, दुसऱ्याला शेजारी. दोनशेचा प्लॅन घेऊन यातलं काहीच सुटलं नसतं. राउटरपर्यंत शंभर येतच होते. घरच्यांनी आधी एक रिपीटर आणून बेडरूममध्येच लावला होता, तो तसाच निरुपयोगी होता. रिपीटर जिथं सिग्नल आधीच मेलाय तिथं लावून चालत नाही, तो मधल्या वाटेवर लावावा लागतो. आणि मधल्या वाटेवर लावला तरी साधा रिपीटर एकाच पट्टीवर ऐकतो आणि त्याच पट्टीवर पुढं सांगतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. तिथं शेवटी लॅन केबल टाकली. मुख्य दारावरून, पॅसेजच्या छताच्या कडेनं, पांढऱ्या पट्टीतून अठरा मीटर. आता बेडरूमच्या टीव्हीवर आकडा ९४ आहे.

तुमच्या घरी हे करायचं तर क्रम महत्त्वाचा. आधी मोबाइल राउटरच्या शेजारी धरून ५ गिगाहर्ट्झवर वेग मोजा. तिथंच प्लॅनच्या निम्म्याहून कमी मिळत असेल, तर टीव्हीला हात लावू नका, इंटरनेटवाल्याला फोन करा. तिथं ठीक असेल, तर मग टीव्हीपाशी जा. मोजमाप शक्यतो टीव्हीवरच करा, मोबाइलवर नाही. मोबाइलचा अँटेना टीव्हीपेक्षा बराच चांगला असतो. टीव्हीचा रेडिओ पॅनेलच्या मागे, धातूच्या पत्र्यालगत आणि वर भिंतीला चिकटून असतो. त्यामुळे मोबाइलवर छान दिसणारा सिग्नल टीव्हीला तितकासा दिसत नाही. स्वस्त टीव्हीत तर बऱ्याचदा एकच अँटेना असतो.

यूट्यूबमध्ये एक सोय आहे, ती फार कमी लोक वापरतात. टीव्हीवर एखादा व्हिडिओ लावा, खालच्या सेटिंगच्या चक्रातून `Stats for nerds` सुरू करा. पडद्याच्या कोपऱ्यात काही आकडे येतात. त्यातल्या `Buffer Health`कडे लक्ष ठेवा. पुढचे किती सेकंद साठवलेले आहेत, ते तिथं दिसतं. आकडा भरलेला आणि स्थिर असेल तर वाय-फाय निर्दोष. तो पुन्हा पुन्हा शून्याकडे घसरत असेल, तर चक्र येणारच. आकडा भरलेला असूनही चित्र अडखळत असेल, तर दोष टीव्हीच्या जुन्या किंवा अपुऱ्या प्रोसेसरचा आहे. त्याला कुठलाही बँड वाचवू शकत नाही.

टीव्हीला ५चं नाव यादीत दिसतच नाही, अशी तक्रार नेहमी येते. त्याची दोन कारणं. पहिलं, टीव्हीत ५चा रेडिओच नाही. कमी किमतीच्या बऱ्याच स्मार्ट टीव्हींत फक्त २.४ असतं, आणि खोक्यावर ‘वाय-फाय’ एवढंच ठळक छापलेलं असतं. विकत घेताना विक्रेत्याला ‘ड्युअल बँड आहे का’ असं स्पष्ट विचारावं. दुसरं कारण जास्त खोडकर. ५च्या पट्टीतली मधली चॅनेलं, ५२पासून १४४पर्यंतची, रडारसोबत वाटून घेतलेली आहेत. राउटरला तिथं बोलण्याआधी निदान मिनिटभर कान देऊन ऐकावं लागतं, आणि रडारची चाहूल लागली तर चॅनेल सोडून पळावं लागतं. काही टीव्ही ही चॅनेलं पाहतच नाहीत. राउटर स्वतःहून अशा चॅनेलवर गेला की काल दिसणारं नाव आज गायब. ब्राउझरमध्ये `192.168.1.1` टाकून राउटरच्या पानावर जा (जिओच्या राउटरला `192.168.29.1`), ५चं चॅनेल ‘ऑटो’वरून काढून ३६ किंवा १४९ करा. विमानतळाजवळ राहणाऱ्यांनी तर हे आधीच करून ठेवावं. त्याच पानावर सुरक्षा `WPA3` केलेली असेल आणि टीव्ही जुना असेल, तर तो पासवर्ड बरोबर असूनही जोडला जात नाही. तिथं `WPA2` चालणारा पर्याय ठेवावा.

बऱ्याच राउटरमध्ये दोन्ही बँडना एकच नाव दिलेलं असतं आणि कुणाला कुठं बसवायचं ते राउटर ठरवतो. मोबाइलसाठी हे सोयीचं आहे, कारण तो फिरतो. जागचा न हलणारा टीव्ही मात्र कधी वीज गेल्यावर पुन्हा सुरू होताना २.४वर चिकटतो आणि तिथंच महिनोन् महिने राहतो. कारण राउटर चालू होताना २.४ आधी जागं होतं आणि ५ थोड्या वेळानं. दोन्हींची नावं वेगळी करून टीव्हीला ५चंच दिलं, आणि त्याच्या आठवणीतून २.४चं नाव पुसलं, की हा घोळ मिटतो.

इथवर वाचून २.४ म्हणजे टाकाऊ असं वाटेल. तसं नाही. कोकणातल्या जांभ्याच्या घराचा विचार करा. एकेक भिंत नऊ इंचांहून जाड, ओटी, माजघर आणि मागचं पडवीतलं स्वयंपाकघर एका रांगेत. राउटर ओटीवर आणि टीव्ही माजघरात. इथं ५ची लहर एका भिंतीनंतर दमते. पण शेजारचं घर नारळी-पोफळींच्या पलीकडे, त्यामुळे २.४ची पट्टी जवळजवळ मोकळी. अशा घरात २.४वर २५ ते ३० एमबीपीएस सलग मिळू शकतात, आणि फोर-केला तेवढे पुरतात. पुण्यात जे लागू पडलं त्याच्या नेमकं उलट. २.४ वापरायचं ठरलं, तर राउटरच्या पानावर चॅनेल १, ६ किंवा ११पैकी सर्वांत मोकळं ठेवा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. ४० केली की वेगाचा आकडा वर जातो, पण तीनातल्या दोन जागा एकट्यानं अडवल्या जातात आणि इतरांची टक्कर वाढते. टीव्हीला पेनड्राइव्ह किंवा यूएसबी ३ची हार्डडिस्क लावलेली असेल, तर तीही काढून पाहा. यूएसबी ३ची जोडणी २.४च्या आसपास रेडिओ गोंगाट करते. डिस्क टीव्हीच्या अँटेनाशेजारीच लटकत असली की वाय-फाय विनाकारण कमजोर दिसतं.

वायरकडे वळताना एक गमतीची गोष्ट सांगायला हवी. टीव्हीला लॅन केबल लावून वेग मोजला, की बऱ्याच घरांतला मुलगा किंवा मुलगी तक्रार करते, “वाय-फायवर अडीचशे येत होते, वायरवर चौऱ्याण्णवच येतात. वायर खराब आहे.” वायर खराब नसते. नामांकित कंपन्यांच्या महागड्या टीव्हींनाही लॅनचं भोक बहुधा १०० एमबीपीएसचंच असतं. प्रत्यक्षात त्यातून ९४-९५ मिळतात. मापाच्या स्पर्धेत ५ गिगाहर्ट्झ जिंकतं आणि तरीही वायर सरस राहते, कारण तिथं पाळीची वाट नाही, शेजारी नाही, मायक्रोवेव्ह नाही. जे ९४ आहेत ते रात्री साडेनऊलाही ९४च आहेत. हे भोक अपुरं पडतं ते एका बाबतीत. घरातल्या हार्डडिस्कवर किंवा सर्व्हरवर ब्लू-रेच्या मूळ दर्जाचे फोर-के सिनेमे साठवून ते टीव्हीवर पाहणारी मंडळी असतात. त्या फायली मध्येच १००च्या वर उसळतात. अशांनी ५ गिगाहर्ट्झवर राहावं. बाकीच्यांनी ९४ पाहून झोप उडवू नये.

वायर कधी टाकावी, याचं माझं उत्तर असं. टीव्ही राउटरच्या हाताच्या अंतरावर असेल, तर विचार न करता. दोन-तीनशे रुपयांच्या तयार केबलनं टीव्ही कायमचा वाय-फायमधून बाहेर पडतो, आणि त्यानं मोकळी केलेली पाळी घरातल्या मोबाइलना मिळते. दुसरं, वरच्या बेडरूमसारखी परिस्थिती असेल, जिथं एक बँड पोचत नाही आणि दुसऱ्यात गर्दी आहे. तिसरं, टीव्हीत फक्त २.४ असेल आणि तुम्ही इमारतीत राहत असाल. अशा टीव्हींनाही लॅनचं भोक बऱ्याचदा असतं, आणि नवा टीव्ही घेण्यापेक्षा केबल कितीतरी स्वस्त. टीव्हीवर इंटरनेटवरून गेम खेळणाऱ्यांनाही वायरच हवी, कारण तिथं बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंतचा उशीर महत्त्वाचा आणि गेमला पुढचं साठवून ठेवता येत नाही. याउलट टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत समोरासमोर असतील आणि ५ गिगाहर्ट्झ नीट चालत असेल, तर केवळ वायर श्रेष्ठ म्हणून पट्ट्या ठोकत बसायची गरज नाही.

केबल घेताना कॅट-५ई पुरते, कॅट-६ मिळाली तर घ्यावी. दोन्ही शंभर मीटरपर्यंत चालतात, घरात एवढं अंतर होतच नाही. पाहायचं ते आतलं तांबं. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या केबल सर्रास मिळतात, खोक्यावर `CCA` असं बारीक लिहिलेलं असतं. त्या हलक्या आणि स्वस्त असतात, पण कोपऱ्यात दोन-तीनदा वळवल्या की आतून तुटतात. ओळख सोपी: एक तार सुरीनं खरवडा. आतून पांढुरकी निघाली तर अॅल्युमिनियम.

केबलमध्ये रंगीत तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या नारिंगी आणि हिरव्या, अशा दोनच लागतात. म्हणून निळ्या किंवा तपकिरी जोडीत दोष असला तरी टीव्हीला कळतही नाही, आणि नारिंगीतली एक तार निसटली तर टीव्ही ‘केबल जोडलेली नाही’ म्हणतो. भोकाशेजारचा छोटा दिवा पेटला नाही, तर नव्वद टक्के वेळा दोष टोकाच्या प्लास्टिक कनेक्टरमध्ये असतो. तो कापून नवा दाबून बसवणं इलेक्ट्रिशियनचं पाच मिनिटांचं काम आहे. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच हवा, एवढं त्याला सांगा.

नव्या फ्लॅटमध्ये बिल्डरनं टीव्हीच्या मागे लॅनचा पॉइंट आधीच दिलेला असतो. तो पाहून लोक केबल लावतात आणि काही होत नाही. भिंतीतल्या वायरीचं दुसरं टोक बहुधा दाराजवळच्या छोट्या पेटीत किंवा विजेच्या बोर्डाशेजारी गुंडाळून ठेवलेलं असतं, त्याला कनेक्टरही बसवलेला नसतो. ते शोधून राउटरपर्यंत आणलं की झालं. लाइटच्या पाइपातून मात्र लॅनची केबल ओढू देऊ नका. इलेक्ट्रिशियनला ते सोपं पडतं, पण विजेच्या तारांची खरखर केबलमध्ये उतरते, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनंही दोन्ही वेगळ्या पाइपात असलेल्या बऱ्या. जुन्या घरात टेलिफोनचा पाइप असेल, तर तो उत्तम.

आणखी एक इशारा गावाकडच्यांसाठी. एका घरातून दुसऱ्या घरात, किंवा गच्चीवरून खालच्या मजल्यावर, तांब्याची लॅन केबल उघड्यावरून नेऊ नका. मे-जूनच्या गडगडाटात वीज जवळपास कुठंही पडली, तरी त्या केबलमधून उसळी येते आणि टीव्हीचं आणि राउटरचं भोक एकाच वेळी जळतं. दोन इमारतींमध्ये फायबर टाकावी. काचेच्या तारेतून वीज वाहत नाही.

वायर लावल्यावर बहुतेक टीव्ही आपोआप तिच्यावर जातात, तरी सेटिंगमध्ये एकदा पाहून घ्यावं. मोबाइलवरून टीव्हीवर व्हिडिओ टाकणं पूर्वीसारखंच चालतं, फक्त मोबाइल त्याच राउटरच्या वाय-फायवर हवा, पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नावावर नको.

यंदा घराला रंग काढणार असाल, किंवा फर्निचरचं काम निघणार असेल, तर सुताराला टीव्हीच्या भिंतीवर फळ्या ठोकू देण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. राउटरच्या जागेपासून टीव्हीच्या मागच्या बाजूपर्यंत एक रिकामा पाऊण इंची पाइप टाकून घ्या, आणि त्यात ओढायची दोरी ठेवायला सांगा. पुढच्या वर्षी टीव्ही बदलेल, त्यानंतर राउटरही बदलेल. पाइप तोच राहील, आणि तेव्हा भिंत फोडावी लागणार नाही.